तीन दारं, एक रिले आणि पीएल डी: हिंगण्याच्या इंडेक्स टेबलच्या नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार

सहा स्टेशनचं इंडेक्स टेबल. पितळी व्हॉल्व्हच्या बॉडीत भोक पाडायचं, बुश दाबायचा, माल बाहेर. पहिलं मशीन दीड वर्षापासून हिंगणा एमआयडीसीतल्या एका शॉपमध्ये चालू आहे, दुसरं आमच्या शेडमध्ये उभं आहे. नव्या गिऱ्हाइकाने ऑर्डरमध्येच लिहिलंय की दाराच्या सुरक्षा फंक्शनचा हिशोब आयएसओ 13849-1 या मानकाप्रमाणे द्या आणि पीएल डी, म्हणजे ए ते ई या सुरक्षा पातळ्यांपैकी डी, सिद्ध करा. फाइलमध्ये जुना हिशोब आहे. आमच्याकडून सोडून गेलेल्या डिझायनरने केलेला, दोन पानांचा, शेवटी ठळक अक्षरात ‘पीएल डी, ओके’. शेठ म्हणाले, "नुसती तारीख बदलून पाठवून दे ना." मी म्हटलं, आधी वाचतो.

फंक्शन साधं आहे: दार उघडलं की टेबलाची मोटर थांबली पाहिजे, आणि दार लावून रिसेट दाबल्याशिवाय पुन्हा चालू व्हायला नको. साखळीत तीन तुकडे. दारावरचा जिभेचा स्विच, पॅनेलमधला सेफ्टी रिले आणि मोटरच्या वाटेत एकापाठोपाठ एक बसवलेले दोन काँटॅक्टर, के-१ आणि के-२. तीन दारं आहेत. समोरचं माल भरायचं, मागे डावीकडे चुऱ्याच्या ट्रेचं, मागे उजवीकडे टूल बदलायचं. प्रत्येक स्विचमध्ये दोन बंद संपर्क आहेत. तिन्ही स्विचचे पहिले संपर्क एका माळेत, दुसरे दुसऱ्या माळेत, आणि दोन्ही माळा, म्हणजे दोन चॅनल, एकाच रिलेवर.

हवी ती पातळी गिऱ्हाइकाने जोखीम-आलेखावरून काढली आहे. बोट चिरडलं तर परत येत नाही म्हणून एस-२. हात दर मिनिटाला आत जातो म्हणून एफ-२. हात काढून घेता येईल असं धरून पी-१. या तिघांतून डी येतो. पी-२ धरला असता तर ई आला असता. टेबल ६० अंश फिरायला दोन सेकंद घेतं, त्यामुळे पी-१ पटण्यासारखा आहे. पण कॅम इंडेक्सरचा वेग फेरीच्या मध्यावर सरासरीपेक्षा बराच जास्त असतो, हे त्यांनी पाहिलंय की नाही कोण जाणे. पी-१ त्यांच्या सहीने लेखी मागवला.

९ एप्रिल

जुन्या हिशोबातली पहिली ओळ: दार दर दोन मिनिटांनी उघडतं, दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस. म्हणजे वर्षाला ७२,००० वेळा. हा आकडा कुठून आला ते लिहिलेलं नाही. म्हणून आज तर्रीपोहे पोटात टाकून थेट हिंगण्याच्या शॉपमध्ये गेलो आणि घड्याळ घेऊन मशीनसमोर उभा राहिलो.

दोन मिनिटं कुठली! समोरचं दार ४० सेकंदांनी उघडत होतं. आणि पाळ्या दोन, म्हणजे १६ तास.

```
nop = 300 × 16 × 3600 / 40 = 432000 प्रति वर्ष
```

कागदावर ७२,००० आणि प्रत्यक्षात ४,३२,०००, सरळ सहापट. डिझायनर खोटं बोलला असं नाही. त्याने बहुधा मशीन बनायच्या आधी अंदाज धरला आणि नंतर कोणी जाऊन मोजलं नाही.

दुसरी गोष्ट सहज नजरेला पडली. टेबल थांबल्यावर दार उघडायचं असं मॅन्युअलमध्ये आहे. ऑपरेटर मात्र टेबल थांबत आलं की अर्धा सेकंद आधीच दार ओढतो. वीस वेळा मोजलं, त्यातल्या चौदा वेळा दार चालत्या टेबलावर उघडलं. विचारलं तर म्हणाला, "सर, थांबाची वाट पाहून राहिलो तर नग कमी निघते ना बाप्पा." म्हणजे दार हाच त्याचा स्टॉप स्विच. याचा अर्थ काँटॅक्टर रिकामे तुटत नाहीत, मोटरचा भार घेऊन तुटतात. हे पुढे कामाला येणार आहे. हाताला पोचायला लागणारा वेळ आणि टेबलाचा थांबण्याचा वेळ यांची तुलना वेगळी करायची आहे, ती वेगळ्या वहीत.

११ एप्रिल

आज एमटीटीएफडी. धोकादायक बिघाड होईपर्यंतचा सरासरी काळ, वर्षांमध्ये. जे भाग वापराने झिजतात त्यांना वर्षं कंपनी देत नाही, बी-१०-डी देते: किती वेळा चालल्यावर दर शंभरातले दहा नग धोकादायक पद्धतीने निकामी होतात. धोकादायक म्हणजे उघडायला हवा तेव्हा न उघडलेला संपर्क. स्विच उघडाच राहिला तर मशीन चालणार नाही. वैताग येईल, पण बोट जाणार नाही.

वेगळा अ‍ॅक्च्युएटर असलेल्या स्विचसाठी २० लाख हा आकडा मानकाच्या तक्त्यात आहे, आणि आमच्या स्विचच्या डेटाशीटवरही तोच आहे.

```
MTTFd = B10d / (0.1 × nop)
      = 2000000 / 43200 = 46.3 वर्षे
T10d  = B10d / nop
      = 2000000 / 432000 = 4.6 वर्षे
```

जुन्या कागदावर याच स्विचचे २७८ वर्षं निघून १०० वर छाटलेले होते, कारण एका चॅनलला १०० वर्षांपेक्षा जास्त श्रेय देत नाहीत (सर्किटच्या रचनेच्या वर्गांपैकी कॅटेगरी ४ सोडून). आता ४६. पट्टी तीच, ‘उच्च’, कारण ३० ते १०० सगळं उच्च. म्हणून इथवर पाहणारा माणूस म्हणेल, काही बिघडलं नाही.

बिघडलंय ते खालच्या ओळीत. ४६ वर्षं म्हणजे स्विच ४६ वर्षं टिकेल असं नाही. तो फक्त बिघाडाच्या दराचा उलटा आकडा आहे, आणि तो दर स्थिर आहे असं धरलेलं आहे. झिजणाऱ्या भागाचा दर टी-१०-डी पर्यंतच स्थिर मानता येतो. त्यानंतर हिशोबच लागू नाही. मशीनचं आयुष्य २० वर्षं धरलंय आणि समोरच्या दाराचा स्विच ४.६ वर्षांत बदलायला हवा. जुन्या आकड्यांनी हेच गणित २७.८ वर्षं देत होतं, म्हणून कोणाला बदलायची आठवण झाली नाही. हिंगण्याच्या मशीनचा स्विच दीड वर्षाचा झालाय, अजून वेळ आहे. त्यांना फोन करून कळवलं.

काँटॅक्टर: तक्त्यात पूर्ण भाराला १३ लाख आणि कमी भाराला २ कोटी. दार नेहमी थांबलेल्या टेबलावर उघडलं असतं तर २ कोटींचा मोह झाला असता. परवाचं निरीक्षण नसतं तर मीही तोच घेतला असता. १३ लाख घेतले. एमटीटीएफडी ३०.१ वर्षं. ‘उच्च’च्या उंबरठ्यावर, कसाबसा आत.

१५ एप्रिल

काल १४ तारखेची सुट्टी. दीक्षाभूमीकडचे रस्ते रात्री उशिरापर्यंत गजबजलेले होते. आज शेड शांत, वायरमन काका आणि मी दोघेच. डीसी तपासायला बरं झालं.

डीसी, म्हणजे निदानाची व्याप्ती: एकूण धोकादायक बिघाडांपैकी किती बिघाड यंत्रणा स्वतः ओळखते. ६० टक्क्यांच्या खाली ‘नाही’, ६० ते ९० ‘कमी’, ९० ते ९९ ‘मध्यम’, ९९ आणि वर ‘उच्च’. जुन्या कागदावर दारांच्या स्विचना ९९ टक्के दिलेत, कारण रिले दोन्ही चॅनल एकमेकांशी ताडून पाहतो. एक उघडला आणि दुसरा नाही, तर तो रिसेट घेत नाही. रिलेच्या डेटाशीटवर तसं आहे आणि ते खोटं नाही. फक्त ते एका स्विचसाठी खरं आहे. आमच्याकडे तीन आहेत, एका माळेत.

मोटरचा एमसीबी खाली पाडला, के-१ आणि के-२ चे दिवे तेवढे पाहायचे. काकांनी मागच्या डाव्या दाराच्या स्विचमध्ये ११-१२ वर तार टाकली. म्हणजे पहिल्या चॅनलचा हा संपर्क चिकटल्यासारखा, किंवा केबल दाराच्या फटीत चिरडून दोन तारा एकमेकींना लागल्यासारखा.

डावं दार उघडलं. दुसरी माळ तुटली, काँटॅक्टर पडले. थांबलं म्हणजे एका बिघाडाने सुरक्षा गेली नाही; कॅटेगरी ३, म्हणजे आमच्या दोन-चॅनल रचनेचा वर्ग, त्याची पहिली अट पाळली गेली. दार लावलं, रिसेट दाबला, रिले हलला नाही. पहिली माळ कधी तुटलीच नाही हे त्याच्या लक्षात आलंय. बिघाड पकडला. इथवर ९९ टक्के अगदी खरे.

मग काकांनी नेमकं तेच केलं जे कोणताही माणूस करेल. "रिसेट घेऊन नाही राहिला? काऊन? समोरचं दार नीट नसन लागलं." समोरचं दार उघडलं, लावलं, रिसेट. के-१ आणि के-२ टक्कन ओढले गेले. तार अजून तिथेच.

समोरच्या दाराचे दोन्ही संपर्क चांगले आहेत. ते उघडल्यावर दोन्ही माळा तुटल्या, लावल्यावर दोन्ही जुळल्या. रिलेच्या दृष्टीने सगळं आलबेल. त्याला माळेची दोन टोकं दिसतात, आत कोणता मणी तुटलाय ते दिसत नाही. बिघाड झाकला गेला, आणि आता डाव्या दारावर एकच चॅनल उरलाय याची कोणालाच खबर नाही. मग दुसऱ्या संपर्कावरही तार टाकली आणि डावं दार उघडलं. दिवे तसेच चालू. मोटर जोडलेली असती तर टेबल फिरत राहिलं असतं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस हे असंच होतं."

१७ एप्रिल

बिघाड असा झाकला जाण्यावर २०१५ मध्ये आयएसओ/टीआर 24119 हा अहवाल निघाला. माळेत जोडलेल्या दारांना जास्तीत जास्त किती डीसी धरता येतो, याचा साधा तक्ता त्यात आहे. तासाला एकापेक्षा जास्त वेळा उघडणारी दारं किती आणि त्याशिवायची किती, एवढंच मोजायचं. एकही दार वारंवार उघडत नसेल आणि दारं दोन ते चार असतील तर ‘मध्यम’ मिळतो. एक वारंवारचं आणि आणखी एक असेल तरी ‘मध्यम’. एक वारंवारचं आणि आणखी दोन ते चार असतील तर ‘कमी’. वारंवार उघडणारी दारं एकापेक्षा जास्त झाली की डीसी ‘नाही’.

कारण सरळ आहे. चांगलं दार जितक्या वेळा उघडेल तितक्या लवकर ते दुसऱ्याचा बिघाड धुऊन टाकेल.

आमच्याकडे समोरचं एक वारंवारचं आणि मागची दोन. ‘कमी’. मी जरा निःश्वास टाकला, कारण कॅटेगरी ३, डीसी कमी, एमटीटीएफडी उच्च, या तिघांतून सोप्या तक्त्यात अजूनही पीएल डी येतो. जुन्या कागदातलं कारण चुकलं, उत्तर तेच आलं.

मग आठवलं, हिंगण्याला गेलो तेव्हा मागून कोणीतरी ट्रे ओढत होतं. पुन्हा गेलो. मदतनीस दर वीस मिनिटांनी डावं दार उघडून चुरा काढतो. ट्रे लहान आहे आणि पितळेचा चुरा फुगून बसतो. म्हणजे तासाला तीनदा. दोन वारंवारची दारं झाली. शिवाय दोन माणसं वेगवेगळी दारं उघडणार असली तर त्या अहवालाप्रमाणे वारंवारच्या दारांत एक आणखी धरायचं. कोणत्याही वाटेने गेलो तरी डीसी ‘नाही’.

कॅटेगरी ३ ला निदान ‘कमी’ डीसी लागतोच. तो नाही, म्हणजे दोन चॅनल असूनही कॅटेगरी ३ म्हणता येत नाही. फार तर कॅटेगरी १: चांगला, पारखलेला भाग, सक्तीने उघडणारा संपर्क, निदान काही नाही. त्यातून मिळतो पीएल सी. हवा होता डी.

एका चुऱ्याच्या ट्रेने पातळी खाली आणली.

२२ एप्रिल

शेठशी बोलणं. पहिला प्रश्न: "ट्रे मोठा केला तर?" प्रश्न वाईट नव्हता. ट्रे तासाला एकदाच काढावा लागला तर एक वारंवारचं दार उरतं. पण दुसरा माणूस आहेच, त्याचा एक वाढतो. आणि पातळी ट्रेच्या आकारावर आणि मदतनीसाच्या सवयीवर टांगून ठेवायची हे मला मान्य नाही. ट्रे मोठा करूच, पण त्याच्या भरवशावर नाही.

दुसरा मार्ग: प्रत्येक दार वेगळ्या दोन-चॅनल इनपुटवर आणायचं. साधा रिले काढून छोटा कॉन्फिगर करता येणारा सेफ्टी कंट्रोलर. मग प्रत्येक स्विचचे दोन चॅनल स्वतंत्र ताडले जातात, डाव्या दाराचा बिघाड समोरचं दार धुऊ शकत नाही, आणि ९९ टक्के खरोखरचे ९९ होतात.

समोरच्या दारासाठी तेवढ्याने भागत नाही, कारण तिथे ४.६ वर्षांची झीज आहेच. तिथे स्पर्श न करणारा आरएफआयडी स्विच घ्यायचं ठरवलं. त्यात झिजणारा संपर्क नाही, बाहेर पडणारे दोन सिग्नल तो स्वतः तपासतो, आणि धोकादायक बिघाडाची तासाची संभाव्यता कंपनीच देते. आणखी एक कारण आहे. जिभेच्या स्विचमध्ये संपर्क दोन असले तरी जीभ एकच असते. ती तुटणार नाही असं गृहीत धरूनच दोन चॅनल म्हणतो, आणि त्या गृहीतकावर पीएल डी च्या वर जाता येत नाही. उद्या गिऱ्हाइकाने पी-१ चा पी-२ केला तर जिभेचा स्विच तिथेच अडेल.

मागचे दोन स्विच तेच ठेवले. डाव्या दाराच्या वर्षाला १४,४०० फेऱ्या होतात. एमटीटीएफडी १०० वर छाटला जातो आणि टी-१०-डी शंभर वर्षांच्या वर. तिथे खर्च कशाला?

२९ एप्रिल

समाईक कारणाने होणाऱ्या बिघाडाचे गुण, किमान ६५ हवेत. जुन्या कागदावर बरोबर ६५: तारा वेगळ्या नेल्याचे १५, विद्युतचुंबकीय हस्तक्षेप आणि दूषणापासून बचावाचे २५, जादा व्होल्टेजपासून बचावाचे १५, तापमान-कंपन वगैरेंचे १०.

शेवटचे १० मी आधी खोडले. आज दुपारी बाहेर चव्वेचाळीस होतं आणि शेडमधल्या पॅनेलच्या आत, काँटॅक्टरच्या बाजूला, ५८ अंश मोजले. रिलेची मर्यादा ५५ आहे. समाईक कारण म्हणजे दोन्ही चॅनल एकदम मारणारी गोष्ट, आणि नागपूरच्या मे महिन्याइतकी समाईक गोष्ट दुसरी कुठली? खोडल्यावर ५५ गुण. पारखलेले भाग वापरल्याचे ५ मिळवून ६०. नापास.

पॅनेलला फक्त पंखा लावून उपयोग नाही, तो बाहेरचे चव्वेचाळीस आत ओढेल आणि वर चुराही. पॅनेल एसी बसवला आणि रिलेच्या जागी येणारा कंट्रोलर ६० अंशांचा निवडला. मे मध्ये पुन्हा मोजून मगच १० गुण परत लिहीन.

८ मे

पॅनेलमध्ये आज भर दुपारी ४१ अंश. १० गुण परत लिहिले, एकूण ७०.

आता काँटॅक्टर. ११ एप्रिलला एक चूक केली होती ती आज सापडली. के-१ आणि के-२ फक्त समोरच्या दाराने पडत नाहीत, तिन्ही दारांनी पडतात. डाव्या दाराच्या १४,४०० मिळवल्या.

```
nop   = 432000 + 14400 = 446400
MTTFd = 1300000 / 44640 = 29.1 वर्षे
T10d  = 1300000 / 446400 = 2.9 वर्षे
```

‘उच्च’ची ‘मध्यम’ झाली. पुन्हा तोच ट्रे! दोन्ही काँटॅक्टरचे आरसा-संपर्क रिसेटच्या वाटेत आहेत. एखादा चिकटला तर त्याचा बंद संपर्क जुळत नाही आणि रिसेट होत नाही. इथे माळेचा प्रश्न येत नाही. माळ इथेही आहे, पण उलटी: दोन्ही बंद संपर्क जुळल्याशिवाय वाट पूर्णच होत नाही, त्यामुळे एक चांगला दुसऱ्याला झाकू शकत नाही. डीसी ९९ टिकतो, कॅटेगरी ३ मध्ये तो मध्यमच्या रकान्यात वाचायचा. मध्यम एमटीटीएफडी आणि मध्यम डीसी: पीएल डी. सिस्टेमा सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर तासाची संभाव्यता १०⁻⁷ च्या घरात आली, आणि डी चा पट्टा १०⁻⁷ ते १०⁻⁶ आहे. स्विच आणि कंट्रोलर दोन्ही त्याच्या खाली, त्यांची भर बेरजेत थोडीच. साखळी डी वर बसली, आणि कमजोर कडी आता काँटॅक्टर आहेत.

ड्राइव्ह लावून त्याच्या सुरक्षित टॉर्क-बंद इनपुटने थांबवलं तर काँटॅक्टरची झीजच जाईल. शेठ म्हणाले, "पुढच्या मशीनला पाहू." बघू.

१३ मे

नव्या वायरिंगवर तेच प्रयोग, गिऱ्हाइकाच्या माणसासमोर. डाव्या दाराच्या ११-१२ वर तार. दार उघडलं, थांबलं. लावलं, रिसेट नाही. काकांनी समोरचं दार तीनदा उघडून लावलं, मग उजवं. कंट्रोलरवर डाव्या दाराचा लाल दिवा तसाच लुकलुकत राहिला. तार काढून डावं दार उघडलं-लावलं तेव्हाच सुटला. मग के-१ चा आरसा-संपर्क सोडवून ठेवला, रिसेट नाही. प्रत्येक प्रयोगाची ओळ अहवालात, कोणता बिघाड घातला आणि काय दिसलं.

पीएलसीत काँटॅक्टरच्या फेऱ्या मोजणारा काउंटर टाकला. ११ लाखांवर स्क्रीनवर सूचना येते आणि १३ लाखांवर पाळी सुरू होत नाही. दुसरी गोष्ट शेठना आवडली नाही, पण गिऱ्हाइकाच्या माणसाने तीच अहवालात अधोरेखित केली. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला काकांनी मार्करने लिहिलं: के-१, के-२ दोन्ही सोबतच बदला. हिंगण्याच्या जुन्या मशीनचं वायरिंग पुढच्या रविवारी करायचं आहे. तोवर त्यांना डाव्या दाराला कुलूप लावायला सांगितलंय, चुरा पाळी संपल्यावर काढा म्हणून.